तोरणमाळला जाताय? डिजिलॉकरच्या भरवशावर वर चढू नका

भुसावळहून निघताना जो तो सांगत होता, "आता कागदं कशाला? डिजिलॉकर आहे ना!" सांगणाऱ्यांपैकी एकानेही तोरणमाळचा सात पायरी घाट ओलांडून कधी मोबाईल उघडलेला नसावा.

भुसावळ ते नंदुरबार रेल्वेने आणि तिथून भाड्याच्या जीपने प्रकाशा, शहादामार्गे वर असा आमचा बेत होता. जाताना रेल्वेत काहीच झालं नाही. घाट लागला, दोन वळणांत नेटवर्क गेलं आणि नंतर आलंच नाही. मुक्कामाच्या ठिकाणी रजिस्टर पुढे करून काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, आधार दाखाडा." डिजिलॉकर उघडलं तर पांढऱ्या पडद्यावर गोल फिरत राहिलं. तो हसला, "आठे नेट नई शे."

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण माहिती असलेली माणसंही इथेच फसतात. डिजिलॉकरच्या 'Issued' भागात दिसणारा कागद तुमच्या फोनमध्ये ठेवलेला नसतो. तिथे फक्त दुवा असतो. तुम्ही बोट लावलं की आधार किंवा परिवहन खात्याकडून तो कागद त्या क्षणी आणला जातो. म्हणजे रेंज नसली की हातात काहीच राहत नाही. त्यातून बाहेर पडून पुन्हा आत जायची वेळ आली तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आमच्यातल्या एकाचा तो नंबर वडिलांच्या फोनमध्ये होता आणि वडील पारोळ्याला.

यावर उपाय घरीच करायचा. UIDAI च्या संकेतस्थळावरून ई-आधारची पीडीएफ उतरवून फोनमध्ये ठेवा. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. विमान मोड चालू करून ती उघडते का बघा. उघडली तरच ती तुमची. तिच्यावरच्या क्यूआरमध्ये डिजिटल सही असते, त्यामुळे तो नेटशिवायही तपासता येतो. लॉजवर द्यायला मात्र 'masked' प्रत वेगळी उतरवा, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पूर्ण नंबर रजिस्टरमध्ये लिहून देण्याची काही गरज नाही.

आमच्याकडे हे काही नव्हतं. जीप परत खाली फाट्यापर्यंत न्यावी लागली. तिथे एका दुकानदाराने रेंज पकडून आधारची प्रिंट काढून दिली आणि एका पानाचे पन्नास रुपये घेतले. पन्नास! वर जीपवाल्याने जादा फेरीचे पैसे लावले ते वेगळेच. घाटाचा तो उतार आणि पुन्हा चढ, अंधारात, रिकाम्या पोटी, अजून डोक्यातून जात नाही. यशवंत तलाव, सीताखाई बघितली. छान आहेत.

परतीला नंदुरबारहून गाडीत दोन वेगळ्या पीएनआरवर होतो. एका पीएनआरवर एकाचं ओळखपत्र पुरतं, पण प्रत्येक पीएनआरला निदान एक लागतंच. भाचा आणि त्याचा मित्र दुसऱ्या पीएनआरवर. भाच्याने गॅलरीतला आधारचा फोटो दाखवला, टीसीने मान हलवली. मग डिजिलॉकरमध्ये स्वतः चढवलेली प्रत दाखवली, तीही नाही. रेल्वे 'Issued' मधलं आधार किंवा लायसन घेते, स्वतः 'Uploaded' मध्ये टाकलेलं नाही. ओळखपत्र नसेल तर ई-तिकीट असूनही विनातिकीट धरतात, म्हणजे भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड. दोंडाईचा सोडल्यावर रेंज आली, आधार उघडलं, टीसी पुढे गेला.

भाच्याचं लायसन आधी डिजिलॉकरला जोडायला गेलो होतो, तर जुळेना. आधारवर नाव आधी, लायसनवर आडनाव आधी. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन मंडळींचं हे नेहमीचंच. आरटीओच्या जुन्या पुस्तकी लायसनची नोंद ऑनलाइन चढलेली नसेल तर तेही सापडत नाही. निघायच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी बघा.

तिकिटांचं तेवढं अवघड नाही. जनरलचं ॲपमधलं तिकीट 'Show Ticket' मधून नेटशिवाय दिसतं, पण त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. आमच्यातला एक जळगावहून विमानाने गेला, त्याने बोर्डिंग पास गूगल वॉलेटमध्ये टाकला होता. तो फोनमध्येच साठतो, रेंज नसली तरी उघडतो. फक्त ऐनवेळी बदललेली वेळ त्यात नेटशिवाय दिसणार नाही.

आणि फोनच बंद पडला तर यातलं काहीच नाही. गाडीतल्या चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नका, आमच्या डब्यात दोनपैकी एकही चालत नव्हता. पॉवर बँक न्या, आणि एकाच्या तरी पाकिटात प्लास्टिकचं आधार कार्ड असू द्या. ते UIDAI कडूनच आधी मागवून घ्या, दुकानात छापलेलं नको.