दौलत पडली की हुकूमत?

«तुम्हाला अरबी येतं, मग फारसी अर्धी आलीच ना? निम्मे शब्द तर तेच आहेत.»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शब्द तेच आहेत, लिपीही जवळपास तीच आहे, आणि अरबी आधी शिकलेला माणूस फारसीत सगळ्यात जास्त आपटतो तो नेमका याच निम्म्या शब्दांवर. अगदीच अनोळखी शब्द आला की आपण मुकाट्याने कोश उघडतो. ओळखीचा आला की कोण उघडतंय?

उदाहरण घेतो ते राजकारणाच्या बातम्यांचं, कारण माझं बरंचसं काम तिथलंच आहे. अरबीत ‘दौला’ म्हणजे राज्यसंस्था: सीमा, नोकरशाही, सैन्य असा सगळा डोलारा. आणि ‘हुकूमा’ म्हणजे आज सत्तेवर असलेलं मंत्रिमंडळ. हेच दोन शब्द फारसीत ‘दौलत’ आणि ‘होकूमत’ होऊन गेले आणि तिथे त्यांनी जागांची अदलाबदल केली. आजच्या इराणमध्ये ‘दौलत’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे मंत्री. खातमींची दौलत, रूहानींची दौलत, असं ते सरळ म्हणतात. ‘होकूमत’ म्हणजे त्यांच्याही वर असलेली पूर्ण राजवट, जी निवडणुकीने बदलत नाही. इराणी माणूस महागाईवरून दौलतीला उघडपणे शिव्या घालेल, होकूमतीबद्दल बोलताना मात्र आवाज खाली आणेल. म्हणजे हा फरक त्याच्यासाठी केवळ व्याकरणाचा नाही.

आता एक खरी बातमी घ्या. 12 जानेवारी 2011 ला लेबनॉनमध्ये हिज्बुल्ला आणि तिच्या मित्रपक्षांच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि साद हरीरींचं सरकार कोसळलं. अरबीत हे ‘सुकूत अल्-हुकूमा’. ‘सुकूत’ म्हणजे पडणं, आणि हा शब्द फारसीतही याच अर्थाने आहे, उच्चार फक्त ‘सोघूत’. म्हणजे अनुवादकाला काही करायचंच नाही असं वाटतं: ‘सोघूत-ए होकूमत’. दोन्ही शब्द बरोबर, जोडणी बरोबर, वाक्य गुळगुळीत. पण तेहरानमधला वाचक ते वाचून समजेल की बैरूतमध्ये राजवटच उलथली. आणि तो आठवडा कोणता होता? दोनच दिवसांनी, 14 तारखेला, ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले, तिथे खरोखरच राजवट पडली. शेजारी शेजारी छापल्या गेल्या तर दोन्ही बातम्या एकाच जातीच्या वाटल्या असत्या. लेबनॉनसाठी फारसीत हवं ‘सोघूत-ए दौलत’.

उलट दिशेने तर आणखी पंचाईत. इराणी लेखक ‘सोघूत-ए दौलत’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात मंत्रिमंडळ असतं. ते अरबीत ‘सुकूत अद्-दौला’ म्हणून गेलं, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राज्यसंस्थेचाच चुराडा उभा राहतो.

आपल्या मराठी कानाचा यात फारसा उपयोग होत नाही, उलट तिसरा गोंधळ होतो. आपल्याकडे दौलत म्हणजे आधी पैसा. जुन्या कागदपत्रांत ‘शिंद्यांची दौलत’ म्हणजे राज्य, तो अर्थ अरबीच्या जवळचा, पण आज तसं कोण बोलतं? मुळात हा शब्द फिरण्याच्या, पालटण्याच्या धातूवरून आला आहे. नशीब फिरलं की एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती दौलत, मग ती सत्ता असो की संपत्ती. एकाच मुळातून प्रत्येक भाषेने आपल्याला हवी ती फांदी धरली.

असाच फाटा ‘इन्किलाब’चा. याचा धातू उलटण्याचा. अरबीत याचा राजकीय अर्थ म्हणजे सैन्याने रातोरात सत्ता हिसकावणं. लोकांनी उठाव करून व्यवस्था बदलली, तर त्याला अरबीत ‘थौरा’ म्हणतात. फारसीने मात्र लोकांच्या क्रांतीसाठीच ‘एन्घेलाब’ घेतला आणि लष्करी उठावासाठी फ्रेंचमधून ‘कूदेता’ आणला. त्यामुळे एकाच इराणच्या इतिहासात गंमत होते. 1953 साली पंतप्रधान मोसद्देकांना लष्करी उठावाने हटवलं गेलं, ते अरबीत ‘इन्किलाब’, फारसीत ‘कूदेता’. 1979 साली शहा गेले, ते फारसीत ‘एन्घेलाब’, अरबीत ‘थौरा’. इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या फारसी नावात ‘एन्घेलाब’ आहे, अरबी बातम्यांत त्याच दलाला ‘अल्-हरस अथ्-थौरी’ म्हणतात. अक्षरं तशीच उचलली तर क्रांतीचे रक्षक हे बंडखोर लष्कराचे रक्षक होऊन बसतील. (आपला ‘इन्कलाब झिंदाबाद’ फारसी वळणाचा आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. अरबी माणसाला त्याचा अर्थ सांगताना थोडं थांबून सांगावं.)

मग हे झालं कसं? अरबी शब्द फारसीत हजारएक वर्षांपूर्वीपासून आले आणि तिथे रुळले. एकोणिसाव्या शतकात युरोपातून संविधान, मंत्रिमंडळ, क्रांती अशा कल्पना येऊ लागल्या, तेव्हा दोन्ही भाषांना नवी नावं हवी होती. दोघींनी आपल्याच जुन्या कपाटातून शब्द काढले, पण एकमेकींना न विचारता. म्हणून जे शब्द त्याआधीच पक्के झाले होते, ते अजून बरेचसे जुळतात. सूर्याची दिशा पालटते त्या अयनबिंदूला आजही दोन्ही भाषांत हाच ‘इन्किलाब’ चालतो. खगोलाच्या पुस्तकात तुम्ही निर्धास्त, वर्तमानपत्रात नाही.

सगळ्यात वाईट सापळा मात्र कागदपत्रांत आहे. इराणी अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिलेलं असतं: मोखाबेरातचे निवृत्त कर्मचारी. इराणमध्ये मोखाबेरात म्हणजे टेलिफोन खातं. हाच शब्द, अक्षर न बदलता, अरबीत ‘मुखाबरात’ होतो, म्हणजे गुप्तचर यंत्रणा. आखाती देशाच्या व्हिसासाठी अरबी भाषांतर केलंत आणि शब्द तसाच ठेवलात, तर टेलिफोनच्या तारा जोडणारा बिचारा हेर ठरला. अरबीत तिथे ‘इत्तिसालात’ हवं. आणि इराणचं गुप्तचर मंत्रालय? त्याच्या नावात ‘एत्तेलाआत’ आहे, शब्दशः माहिती. ते अरबी वाचकाला एखाद्या निरुपद्रवी माहिती खात्यासारखं वाटू शकतं.

कोश काय करतात, हेही विचाराल. श्टाइनगासचा 1892 चा फारसी कोश आपल्याकडे अजून सर्रास वापरतात. जुनं काव्य आणि बखरी वाचायला तो उत्तम आहे, पण त्यात एका शब्दापुढे अरबी-फारसी अर्थांची रांग असते आणि त्यातला आज तेहरानमध्ये कुठला चालतो हे त्यावरून कळत नाही. मी शब्दापेक्षा क्रियापदाकडे बघतो. अर्थसंकल्प कोण मांडतंय, राजीनामा कोण देतंय, विश्वासदर्शक ठराव कुणाला लागतोय? हे सगळं करणारी ‘दौलत’ असेल तर ते मंत्रिमंडळ. पण करार करणारी, दुसऱ्या देशाला मान्यता देणारी ‘दौलत’ कायद्याच्या मजकुरात आली, तर फारसीतही तिचा अर्थ राज्यसंस्था असू शकतो, आणि तिथे अरबी ‘दौला’ खुशाल ठेवता येते.