३३ व्होल्टचं गणित आणि टेबलावरचे अडीच व्होल्ट

बारावीच्या गणितात सोलेनॉइडचा कोअर हा फक्त एक आकडा असतो. सापेक्ष पार्यता ५००, एवढंच लिहिलेलं. विचारायचं असतं ते कॉइलमधला २ अँपिअर प्रवाह १० मिलिसेकंदांत शून्यावर आला तर तिच्यात किती ईएमएफ निर्माण होईल, हे. तो आकडा सूत्रात टाकायचा आणि पुढे जायचं. गेल्या एप्रिलमध्ये सोलापुरात आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने हे गणित वहीतून उचलून टेबलावर मांडलं. उत्तर शोधता शोधता आमचा पूर्ण दिवस गेला.

कॉइल तिनेच गुंडाळली होती. २० मिमी व्यासाचा वायरिंगचा पीव्हीसी पाइप, त्यावर ३० सेमी लांबीत २४ गेजच्या एनॅमल तारेचे एकाला एक चिकटून ५०० वेढे, एकच थर. अक्कलकोट रोडला लूमच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका मिस्त्रींकडून तार आणली होती. रोध २.३ ओहम.

इंडक्टन्सचं सूत्र नेहमीचंच:

L = μ₀ μᵣ N² A / l

कोअर नसताना उत्तर ०.३३ मिलिहेन्री येतं. एलसीआर मीटरने ०.३४ दाखवलं आणि पोरगी खूश झाली. खरं तर इथे दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. तिने व्यास पाइपचा घेतला होता, तो तारेच्या मध्यापासून घ्यायला हवा होता, म्हणजे २०.६ मिमी. त्यामुळे क्षेत्रफळ ६ टक्के कमी धरलं गेलं. उलट, सूत्र अनंत लांबीच्या सोलेनॉइडचं. आपल्या कॉइलच्या टोकांशी चुंबकीय क्षेत्र पसरतं, आणि या मापाच्या कॉइलला त्यापायी इंडक्टन्स ३ टक्के घटतो. दोन्ही दुरुस्त्या केल्या की ०.३४ बरोबर येतं.

मग पाइपमध्ये १६ मिमीचा लोखंडी गज घातला. गणिताप्रमाणे ५०० पट, म्हणजे १६४ मिलिहेन्री यायला हवेत. मीटरवर आले ३. मीटरची वारंवारता १ किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आणली तर ७.

"सर, मीटर गेलंय."

मीटर ठीक होतं. वारंवारता बदलली की आकडा बदलतो, हीच खूण पुरेशी आहे. अखंड गजात बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवरे प्रवाह तयार होतात आणि ते क्षेत्राला आत शिरू देत नाहीत. १ किलोहर्ट्झला साध्या लोखंडात क्षेत्र जेमतेम पाव मिलिमीटर आत जातं. बाकीचा गज कोअर म्हणून असून नसल्यासारखा. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "अख्खा गज घातलाय होय? मग ट्रान्सफॉर्मरमध्ये आम्ही पत्रे कशाला रचतो?" स्लॅबची सळई बांधायची बाइंडिंग वायर आणली, ३० सेमीचे तुकडे कापले, वार्निश मारून वाळवले आणि पाइपमध्ये ठासून भरले. आता १०० हर्ट्झवर १३ मिलिहेन्री.

१३ म्हणजे कोअर नसतानाच्या जवळजवळ ४० पट. ५०० पट का नाही? कारण कोअर उघडा आहे. चुंबकीय रेषा लोखंडातून जातात खऱ्या, पण परत हवेतूनच येतात. शिवाय कोअरच्या दोन टोकांना तयार झालेले ध्रुव आतल्या क्षेत्राला विरोध करतात. कोअरची लांबी व्यासाच्या १९ पट असेल तर लोखंड ५०० चं असो वा ५००० चं, परिणामी पार्यता शे-सव्वाशेच्या पुढे फारशी जात नाही. त्यात कोअर वेढ्यांच्या आतली सगळी जागा भरत नाही, तारांमध्ये फटी राहतात आणि टोकांकडे रेषा गळतात. गणितातले ५०० खरे व्हायचे असतील तर कोअर रिंगसारखा बंद हवा. आणि तसा केला, तरी या कॉइलमध्ये २ अँपिअरला क्षेत्र २ टेस्लाच्या वर जाईल. तिथे लोखंड संपृक्त होतं, मग ५०० पुन्हा खोटेच.

आता ईएमएफ. गणितात प्रवाह २ अँपिअरवरून शून्यावर १० मिलिसेकंदांत एकसमान उतरतो, म्हणजे सेकंदाला २०० अँपिअर. १६४ मिलिहेन्री धरले तर ३३ व्होल्ट. खऱ्या १३ ला २.६ व्होल्ट.

स्विच बंद करून हे दिसत नाही, कारण तेव्हा प्रवाह एकसमान उतरत नाही, तो तुटतो आणि ठिणगी पडते. म्हणून ऑपॅम्प, 2N3055 ट्रान्झिस्टर आणि ०.५ ओहमचा सेन्स रोध असा करंट सोर्स बांधला, १२ व्होल्टवर. फंक्शन जनरेटरमधून २५ हर्ट्झची त्रिकोणी लहर, शिखर १ व्होल्ट. लहरीचा ऋण भाग डायोडने कापला. त्यामुळे प्रवाह १० मिलिसेकंदांत उतरतो आणि पुढचे २० मिलिसेकंद शून्यावर थांबतो.

कॉइलच्या टोकांवर थेट व्होल्टेज मोजलं तर त्यात रोधाचे व्होल्ट मिसळतात, २ अँपिअरला तब्बल ४.६. कोअर नसताना ईएमएफ फक्त ६८ मिलिव्होल्ट, तो त्यात शोधूनही सापडत नाही. म्हणून कॉइलच्या मधोमध १०० वेढ्यांची वेगळी शोधकॉइल गुंडाळली आणि ती ऑसिलोस्कोपला जोडली. तिच्यात प्रवाह वाहतच नाही, त्यामुळे दिसतो तो निव्वळ ईएमएफ. वेढे पाचवा हिस्सा, पण मध्यभागी रेषा दाट असल्याने पाचव्या हिश्शापेक्षा थोडं जास्त येतं.

प्रवाह एकसमान उतरत असेल तर ईएमएफ स्थिर, म्हणजे पडद्यावर सपाट माथा हवा. कोअर नसताना तो सुरेख सपाट आला. तारांचा कोअर घातला तर पहिले ६ मिलिसेकंद ०.६ व्होल्टवर सपाट, आणि मग रेष खाली घसरत गेली. प्रवाह संपायच्या वेळेनंतरही तीन-साडेतीन मिलिसेकंद शेपूट उरलं. आणि सेन्स रोधावर मात्र प्रवाह पट्टीने आखल्यासारखा सरळ उतरताना दिसत होता.

मी बराच वेळ कोअरलाच दोष देत बसलो. दोष माझ्या डायोडचा निघाला. ट्रान्झिस्टर वाचावा म्हणून सवयीने कॉइलला समांतर फ्रीव्हील डायोड लावला होता. प्रवाह उतरताना कॉइलच्या टोकांवर iR वजा २.६ व्होल्ट असतात. प्रवाह ०.८३ अँपिअरच्या खाली आला की iR १.९ च्या खाली जातं, बेरीज उणे ०.७ ओलांडते आणि डायोड उघडतो. त्यानंतर कॉइलचा प्रवाह डायोडमधून फिरत राहतो आणि आपल्या L/R च्या चालीने, इथे साडेपाच-सहा मिलिसेकंदांच्या हिशेबाने, मंदावतो. सेन्स रोधाला यातलं काही कळत नाही, कारण त्याच्यातून जातो तो ट्रान्झिस्टरचा प्रवाह. कोअर नसताना ६८ मिलिव्होल्टने डायोड उघडतच नाही, म्हणून तेव्हा सगळं बरोबर दिसलं.

डायोडच्या ओळीत उलट दिशेने १२ व्होल्टचा झेनर टाकला. आता २.६ व्होल्ट त्याला उघडू शकत नाहीत, आणि तार सुटलीच तर ट्रान्झिस्टरवर पंचवीसेक व्होल्टच येतात. 2N3055 चे ६० सोसायचे असतात. माथा शेवटपर्यंत सपाट झाला.

शेवटी तिने तारांचा कोअर काढून तोच जुना गज पुन्हा घातला. माथ्याच्या जागी गोल कमान आली. १० मिलिसेकंदांत भोवरे प्रवाह पुरते स्थिरावतही नाहीत, त्यामुळे ईएमएफ चढतच राहतो आणि प्रवाह थांबल्यावरही हळूहळू ओसरतो. तिन्ही चित्रं तिने वहीत एकाखाली एक काढली आणि गणिताच्या उत्तरातले ३३ न खोडता त्याशेजारी लिहिलं: "बंद कोअर असेल तर, आणि तोही संपृक्त होईपर्यंत."