गांडुळं बेडबाहेर निघाली तो सोमवार

सकाळी साडेसहाला वॉचमनकाकांचा फोन आला. "मॅडम, तुमची गांडुळं चालत गेटाकडं निघाल्याती." मी झोपेत होते, मला ती थट्टा वाटली. पण काका थट्टा करणारे नव्हेत.

कॉलेजात पोचले तेव्हा मागच्या शेडमधली फरशी लालसर शेवया सांडाव्यात तशी दिसत होती. गांडूळखताच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या बेडच्या चारही कडांवरून गांडुळं लोंबत होती. ओल्या गोणपाटाच्या घड्यांत त्यांचे गुंते झाले होते आणि फरशीवर पडलेल्यांना मुंग्या लागल्या होत्या. गोणपाट उचललं तर तोंडावर वाफ आली. थर्मामीटरची लांब दांडी मधोमध खुपसली. कडेला ३२ अंश होतं, मध्यभागी ४८. आयसेनिया फेटिडा ही आपल्याकडे सर्रास पाळली जाणारी जात २० ते २५ अंशांत सुखात असते. ३५ च्या पुढं ती टिकत नाही. मधला माल उकरला तर खालची गांडुळं पांढरट, लिबलिबीत झाली होती. बोटात धरली की तुटत होती.

चूक कोणाची हे शोधायला लांब जावं लागलं नाही. शनिवारी दुपारी "घाला गांडुळं" असं मीच म्हटलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या घनकचरा प्रात्यक्षिकासाठी आम्ही दरवर्षी एक ढीग लावतो. मंडईतला भाजीचा कचरा आणि आवारातली वाळकी पानं, एवढंच. आधी ढीग तापवायचा, मग अर्धकच्चा माल गांडुळांना द्यायचा. थेट गांडुळांनाच का नाही द्यायचं, हा प्रश्न दरवर्षी येतो. ताजी भाजी जाड थरात घातली की ती स्वतःच तापते आणि आंबतेही, दोन्ही गांडुळांना सोसत नाही. शिवाय गांडुळं बिया मारत नाहीत, बिया उष्णतेनं मरतात. ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलं तर टोमॅटोच्या बिया आणि रोगजंतू दोन्ही जातात. अट एकच, बाहेरचा माल पलटून आत आला पाहिजे.

यंदा मुलांनी गणित फार छान केलं होतं. खरं तर तिथंच मी निर्धास्त झाले. कर्ब आणि नत्र यांचं गुणोत्तर ३० च्या आसपास हवं, हे पाठ असतं सगळ्यांना. सूक्ष्मजीव कर्ब जाळून ऊर्जा मिळवतात आणि नत्रातून स्वतःचं शरीर बांधतात. नत्र जास्त झालं तर ते अमोनिया होऊन उडतं आणि नाकाला झोंबतं. कर्ब जास्त झाला तर ढीग नुसता बसून राहतो. अडचण येते ती वजनं काढताना. पहिल्या गटानं १०० किलो भाजीला १७८ किलो पानं लागतील असं उत्तर आणलं. त्यांनी भाजीतलं आणि पानांतलं पाणी वजा न करता सगळं वजनच कोरडं धरलं होतं.

मग फळ्यावर एकेक पायरी केली. १०० किलो भाजीत ८५ किलो पाणीच असतं. कोरडा माल १५ किलो, त्यात ४० टक्के धरला तर कर्ब ६ किलो. भाजीचं गुणोत्तर १५ धरलं, म्हणून नत्र ०.४ किलो. वाळक्या पानांत पाणी १० टक्के, म्हणजे १० किलोत कोरडा माल ९ किलो. त्यात कर्ब ४५ टक्क्यांनी ४.०५ किलो, आणि गुणोत्तर ६० म्हणून नत्र ०.०६७५ किलो. अशी दहा-दहा किलोंची किती पोती घातली की एकूण कर्ब भागिले एकूण नत्र ३० येईल? उत्तर तीन पोत्यांच्या अगदी जवळ येतं. म्हणजे ३० किलो पानं. पहिल्या गटाच्या हिशेबानं ढीग लावला असता तर गुणोत्तर ४९ च्या घरात गेलं असतं. (हे आकडे पुस्तकी सरासरीचे आहेत. आमच्या आवारातल्या रेन ट्रीची पानं शेंगवर्गीय, त्यांच्यात नत्र जास्त असतं. बदामाची पानं वेगळी. पण प्रात्यक्षिकाला एवढं पुरतं.)

आम्ही ३०० किलो भाजी आणि ९० किलो पानं घेतली. या मिश्रणात पाणी ६८ टक्क्यांच्या आसपास येत होतं आणि हवं ५० ते ६०. म्हणून भाजी एक दिवस सावलीत पसरून सुकवली. ढीग कमरेच्या वर आला. घनमीटरभर तरी माल नसेल तर उष्णता आत टिकत नाही.

ढीग पुस्तकासारखा वागला. दुसऱ्या दिवशी ४६ अंश. या सुरुवातीच्या टप्प्यात साधे, मध्यम तापमानात जगणारे जिवाणू साखर आणि स्टार्च फस्त करतात, आणि त्यांच्याच उष्णतेनं त्यांचं राज्य संपतं. मग उष्णताप्रिय जिवाणू येतात. चौथ्या दिवशी ६३. सातव्या दिवशी ६६ झालं तेव्हा पलटला, कारण त्यापुढं काम करणारेच मरायला लागतात. पुढचा आठवडा ५५ ते ६१ च्या मध्ये गेला. मुलं काठी खुपसून वाफ दाखवत फोटो काढत होती. सोळाव्या दिवशी ४४, अठराव्या दिवशी ३५. बाहेरचं तापमान ३४.

"मॅडम, थंड झाला. तिसरा टप्पा संपला."

प्रयोगशाळेतले मामा शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पानं अजून पानंच दिसत्यात की." मी ऐकलं आणि सोडून दिलं. परीक्षा जवळ आली होती, गांडुळं शेजारच्या गावातून आधीच आणून ठेवली होती, दोन किलो. माल बेडमध्ये दीड फूट भरला. गांडुळांना ७० ते ८० टक्के ओलावा लागतो म्हणून झारीनं भरपूर पाणी मारलं. वर गोणपाट टाकलं आणि शनिवारी चारला सगळे घरी गेलो.

सोमवारी आधी जीव वाचवायचे होते. मुलांना फोन केले. सगळा माल शेडमधल्या सावलीत चार बोटं जाडीचा पसरला, एवढ्या पातळ थरात उष्णता धरून राहत नाही. जिवंत गांडुळं हातानं वेचून जुन्या, निवलेल्या शेणाच्या टबांत टाकली. हे चालू असताना एक मुलगी मृत गांडुळं पानावर गोळा करून रांगेत मांडत होती. मोजायची आहेत म्हणाली. मी तिला थांबवलं नाही. दुपारी वजन केलं तर जिवंत ९०० ग्रॅम उरली होती.

मग मुलांची चर्चा सुरू झाली. बहुतेकांना गणित चुकलं असावं असं वाटत होतं. "भाजीत नत्र जास्त असेल, अमोनियानं पळाली असतील." पण मालाला अमोनियाचा वास नव्हता, पहिल्या दिवसापासून कधीच नव्हता. कुजका, अंड्यासारखा वासही नव्हता, म्हणजे हवा पोचत होती.

मी रजिस्टर मागवलं. तापमानाचा रकाना नेटका भरलेला, दिवसातून दोनदा. त्याच्या शेजारी ओलाव्याचा रकाना. बाराव्या दिवसापासून रोज "ठीक". खाली माझी सही.

सुदैवानं जुना ढीग सगळा संपला नव्हता, कोपऱ्यात पाणी न मारलेला थोडा माल शिल्लक होता. मूठभर घेऊन आवळला. ओलावा बरोबर असेल तर बोटांच्या फटीत थेंब-दोन थेंब दिसतात आणि मूठ उघडल्यावर गोळा राहतो. इथं मूठ उघडली तसा माल भुसभुशीत गळून पडला. १०० ग्रॅम वजन करून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ७१ ग्रॅम भरला. ओलावा २९ टक्के.

जिवाणू कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात, त्यातूनच खातात. ओलावा ४० टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचं काम मंदावतं, तिशीच्या आसपास ते जवळजवळ थांबतं. खाणं संपलेलं नसतं, खाणारे तहानेनं निपचित पडलेले असतात. ६० अंशांचा ढीग, प्रत्येक पलटणीला निघून जाणारी वाफ आणि वर फेब्रुवारी अखेरचं कोरडं ऊन. आमचा ढीग निवला नव्हता, वाळला होता. थर्मामीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक उतरण्याच्या चालीत होता, तोही मी पाहिला नाही. खरं निवणं आठवड्यांनी होतं, आमचा ढीग दोन दिवसांत ९ अंश घसरला होता. आणि शनिवारी गांडुळांसाठी म्हणून आम्ही जे पाणी मारलं, ते आधी त्या जिवाणूंना मिळालं.

हे नुसतं सांगून मुलांना पटलं नसतं. म्हणून सगळा माल परत रचला, मुठीची परीक्षा उतरेपर्यंत पाणी मारत पलटला आणि ठेवून दिला. दोन दिवसांत ५३ अंश. "म्हणजे मॅडम, तो झोपला होता," एक जण म्हणाला. रजिस्टरातला "ठीक" त्या दिवसापासून बंद केला, ओलावा आकड्यात लिहायचा.

त्यानंतर आणखी साडेतीन आठवडे लागले. दर खेपेला पाणी घालून पलटायचा आणि तीन दिवस तापमान बघायचं. एकदा ४५ पर्यंत चढलं, पुढच्या वेळी ३९. शेवटी पाणी घालूनही बाहेरच्या तापमानाच्या वर दोन-तीन अंशच गेलं. पानांच्या शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. मामांनी माल हातात घेऊन वास घेतला आणि मान डोलावली. तरीही एका बादलीत ओला माल भरून त्यात मोजून २० गांडुळं सोडली. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस आत होती, वर काढल्यावर खाली पळत होती. मगच बेड भरला, या वेळी फूटभरच.

वॉचमनकाका आता रोज सकाळी स्वतःच गोणपाट उचलून बघतात.

परवा बेडच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात टोमॅटोची पाच रोपं दिसली. एवढं तापवूनही बिया जिवंत राहिल्या म्हणजे तेवढा माल कधीच आत गेला नव्हता, प्रत्येक पलटणीत बाहेरच राहिला. तो ढिगाच्या कुठल्या बाजूचा आणि त्या बाजूला फावडं कोणाकडं होतं, हे रजिस्टरातून शोधायला मी दोघांना बसवलं आहे.