झाडापुढे उभा, तरी झाडामागे

“ताई, हा झाडात शिरला बघा,” टेस्टिंगला बसलेला मुलगा म्हणाला, म्हणून मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. स्क्रीनवर आमचा गुराखी पोरगा उंबराच्या अगदी पुढे उभा होता. पाय जमिनीवर व्यवस्थित दिसत होते, पण कमरेपासून वरचा भाग खोडाने गिळला होता. झाडाच्या पुढे उभा असूनही तो झाडामागे रंगवला जात होता.

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही काहीजण मिळून हा गेम करतोय. गोष्ट एका देवराईतली आहे. कॅमेरा वरून बघतो, पण सरळ डोक्यावरून नाही, थोडा तिरका. त्यामुळे झाडाचा शेंडाही दिसतो आणि खोडही. या तिरकेपणामुळेच कोण पुढे आणि कोण मागे हा प्रश्न उभा राहतो. घारीच्या नजरेने थेट खाली बघितलं असतं, तर झाड म्हणजे नुसता हिरवा गोल दिसला असता आणि पोरगा कायम त्याच्याखाली असता. तिरक्या नजरेत मात्र स्क्रीनवर जे खाली ते आपल्याला जवळ, आणि जे वर ते लांब.

ही गडबड त्या दिवसापर्यंत दिसली नव्हती, त्यालाही कारण होतं. झाडांचं कोलिजन, म्हणजे पोरगा जिथे अडतो तो भाग, आधी जवळजवळ अख्ख्या चित्राएवढा होता. त्यामुळे पोरगा झाडाच्या जवळ पोचायचाच नाही. आमची चित्रकार म्हणत होती की देवराईत झाडामागे लपता आलं पाहिजे, नाहीतर ती बाग वाटते. तिचं बरोबरच होतं. त्या सकाळी आम्ही कोलिजन फक्त बुंध्यापुरतं ठेवलं, आणि पोरगा पहिल्यांदाच खोडाला खेटून उभा राहू शकला.

आम्ही गेम बनवायचं गोडो इंजिन वापरतो. त्यात गेममधला प्रत्येक घटक म्हणजे एक नोड, आणि एका नोडखाली दुसरे नोड ठेवता येतात. सगळी झाडं `Trees` नावाच्या एका नोडखाली होती आणि त्या नोडवर `z_index`, म्हणजे रंगवण्याचा थर, 1 लिहिलेला होता. पोरग्याचा 0. म्हणजे झाडं नेहमी पोरग्यानंतर, त्याच्यावर रंगवली जाणार. झाडामागून जाताना हे छान दिसतं, पानं त्याला झाकतात. पुढे आला की मात्र खोडही त्याला झाकतं. आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, “मग पोरग्याला 2 देऊन टाकू ना.” दिला. आता पुढे उभा असताना ठीक दिसत होता, पण मागे गेला की शेंड्यावर चिकटवलेल्या स्टिकरसारखा. आकडा कुठलाही ठेवा, अर्ध्या जागी तो चुकणारच, कारण बरोबर क्रम पोरगा या क्षणी कुठे उभा आहे यावर ठरतो. तो एकदाच लिहून ठेवता येत नाही, प्रत्येक फ्रेमला नव्याने लावावा लागतो.

नियम एका वाक्याचा आहे: ज्याचे पाय स्क्रीनवर खाली, तो नंतर रंगवायचा. स्क्रीनवर y वरून खाली वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. त्यामुळे y प्रमाणे चढता क्रम लावला की झालं. गोडोत त्यासाठी `y_sort_enabled` अशी सोय आहे. आम्ही ती जंगलाच्या मुख्य नोडवर चालू केली, गेम चालवला आणि काहीही बदललं नाही.

कारण `z_index` आधी बघितला जातो. y प्रमाणे क्रम लागतो तो एकाच `z_index` वर असलेल्यांमध्ये. झाडं 1 वर, पोरगा 2 वर, मग त्यांची तुलना होईलच कशी? दोन्ही आकडे 0 केले. आता बदल झाला, पण भलताच: सगळी झाडं सगळीकडे पोरग्याच्या मागे. आमच्यातल्या काहींना वाटलं की क्रम उलटा लागतोय आणि कुठेतरी वजा चिन्ह हवंय. तसं नव्हतं. मुख्य नोडची सोय फक्त त्याच्या थेट मुलांना, म्हणजे लगेच खालच्या नोडना, लागू होत होती, आणि ती मुलं दोनच, `Trees` आणि `Player`. `Trees` हा नोड स्वतः (0, 0) वर होता. म्हणजे देवराईतली सगळी झाडं एकगठ्ठा y = 0 वर उभी आहेत असं इंजिनने धरलं, आणि पोरगा कुठेही असला तरी त्यांच्या खालीच. मधल्या नोडवरही तीच सोय चालू केली की गठ्ठा सुटतो आणि प्रत्येक झाड स्वतंत्रपणे रांगेत येतं.

```
Jungle        y_sort_enabled = true
├─ Trees      y_sort_enabled = true
│  ├─ Umbar
│  └─ Vad
└─ Player
```

आता बऱ्याच जागी बरोबर दिसू लागलं. सगळे चहाला उठले, पण टेस्टिंगवाला मुलगा उठला नाही. त्याने पोरग्याला उंबरामागे नेलं, आणि बुंध्याच्या थोडं वर, म्हणजे अजून झाडामागेच असताना, पोरगा अचानक खोडाच्या पुढे आला. एक पाऊल मागे घेतलं की पुन्हा मागे. “इथे एक पट्टा आहे,” तो म्हणाला, आणि पट्टा कुठे सुरू होतो ते त्याने स्क्रीनवर बोटाने दाखवलं. इतकं नेमकं दाखवणारा टेस्टर मिळायला भाग्य लागतं.

अशा वेळी नुसतं बघून तर्क लढवण्यापेक्षा इंजिन कुठला बिंदू मोजतंय तेच स्क्रीनवर आणावं, असं माझं ठाम मत आहे. मी प्रत्येक झाडाच्या आणि पोरग्याच्या सीनमध्ये सगळ्यात शेवटी, (0, 0) वर एक छोटा `Node2D` ठेवला आणि त्याला एवढंच सांगितलं:

```gdscript
func _draw():
	draw_circle(Vector2.ZERO, 3, Color.RED)
```

लाल ठिपके उमटले आणि सगळं समजलं. उंबराचा ठिपका खोड आणि पानं मिळतात तिथे, मधोमध होता. पोरग्याचा पोटावर. स्प्राइट, म्हणजे नोडचं चित्र, ठेवलं की इंजिन त्याचा मध्य नोडच्या जागेवर आणतं, आणि आम्ही क्रम पायांचा नाही तर मध्यांचा लावत होतो.

आकडे घालून बघू. उंबराचं चित्र 160 पिक्सेल उंच, पोरग्याचं 48. बुंधा y = 400 ला जमिनीला टेकतो, म्हणजे झाडाचा मध्य 320 वर. पोरग्याचे पाय 380 ला असतील, तर तो बुंध्याच्या 20 पिक्सेल मागे आहे आणि झाडाने त्याला झाकायला हवं. पण त्याचा मध्य आहे 356. हा 320 पेक्षा खाली, म्हणून इंजिन त्याला पुढे रंगवतं. त्याचे पाय 344 च्या वर गेले की मध्य 320 च्या वर जातो आणि मग चित्र सुधारतं. थोडक्यात 344 ते 400 असा 56 पिक्सेलचा पट्टा चुकीचा. त्या मुलाचं बोट साधारण तिथेच होतं. झाड जितकं उंच तितका पट्टा रुंद, आणि पोरग्यापेक्षा बुटक्या दगडाजवळ हीच चूक उलटी दिसते: दगडाच्या जरा पुढे उभा राहिला तरी दगड त्याच्यावर चढतो.

उपाय म्हणजे नोडची जागा पायाशी ठेवायची आणि चित्र वर सरकवायचं. उंबराच्या स्प्राइटला `offset` मध्ये y = -80, पोरग्याच्या स्प्राइटला -24. कोलिजनही त्याच हिशोबाने बुंध्याशी आणलं. आता ठिपके पायाशी आले, पण उंबराचा ठिपका बुंध्याच्या किंचित खाली, हवेत दिसत होता. चित्रकाराने फाइल उघडली. चित्राच्या तळाशी तिने सावलीसाठी 6 पिक्सेलची रिकामी पट्टी सोडली होती. मग उंबराला -80 ऐवजी -74 केलं. तिने त्याच दुपारी सगळी झाडं एकेक करून तपासली. प्रत्येकाची रिकामी पट्टी वेगळी निघाली, त्यामुळे प्रत्येक झाडाचा आकडा वेगळा लिहावा लागला. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. जमीन कुठे लागते हे चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक असतं.

मग आला वड. विद्यापीठाच्या आवारातल्या वडांची स्केचेस काढून तिने तो रंगवला होता, पारंब्या जमिनीत उतरून खोडं झालेला. आमच्या देवराईचं ते मुख्य झाड. खोड y = 600 ला टेकलेलं आणि पुढच्या पारंब्यांचा एक झुबका 640 ला. पोरगा 620 ला उभा राहिला, तर तो खोडाच्या पुढे आणि पारंब्यांच्या मागे दिसला पाहिजे. वडाला 600 धरा, पोरगा पारंब्यांवरून चालतो. 640 धरा, खोड पोरग्याला गिळतं. एका चित्राला एकच y मिळतो आणि या झाडाचे पाय मात्र अनेक ठिकाणी आहेत. इथे क्रम लावण्याची कुठलीही युक्ती पुरत नाही.

चित्रकार जराशी हिरमुसली. “म्हणजे मी झाड तोडायचं?” मी म्हटलं, “तोडायचं नाही गं, जिथे जिथे ते जमिनीला लागतं तिथे तिथे सुटं करायचं.” तिने वडाचे भाग केले: खोड एक, पारंब्यांचा प्रत्येक झुबका वेगळा, प्रत्येकाचा ठिपका आपापल्या जमिनीवर. वरचा पर्णसंभार तेवढा क्रमाबाहेर ठेवला आणि त्याला `z_index` 1 दिला. वडाची पानं इतकी उंच आहेत की पुढे उभ्या असलेल्या पोरग्याचं डोकं तिथवर पोचत नाही. जो पानांपर्यंत दिसतो तो झाडाखाली किंवा झाडामागेच असतो. सकाळी जो आकडा सगळी चित्रं बिघडवत होता, तो इथे अगदी योग्य होता. खाली झुकलेल्या फांदीला मात्र हे चालणार नाही, ती पुन्हा सुटी काढावी लागेल.

भाग जोडून बघितले, तेव्हा पोरगा पारंब्यांमधून नागमोडी चालला. एका झुबक्याच्या मागून, खोडाच्या पुढून, दुसऱ्या झुबक्यामागे. बघताना मला फार आनंद झाला. दाट पानांखाली तो पूर्ण दिसेनासा होतो, ही अडचण उरलीच. ती क्रमाची नव्हे, कारण मागचा माणूस झाकला जाणं हेच बरोबर आहे. तिथे आम्ही पोरगा पानांखाली आला की पानं अर्धी पारदर्शक करतो.

संध्याकाळी निघता निघता टेस्टिंगवाल्या मुलाने दगडापुढे उडी मारून दाखवली, आणि हवेत असताना पोरगा दगडामागे गेला. उडीसाठी आम्ही अख्खा नोड वर उचलत होतो, म्हणजे पायांचा y सुद्धा वर जात होता. आता उडीत फक्त स्प्राइट वर जातं. नोड आणि सावली जमिनीवरच राहतात, आणि क्रम सावलीच्या जागेवरून लागतो.