पावसाळ्यातले फिलामेंट

रत्नागिरी, १४ जुलै

थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी या प्लास्टिकच्या धाग्याने, म्हणजे फिलामेंटने, काढलेल्या प्रिंटवर आज सकाळपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येत होते आणि पृष्ठभागाची चकाकी जाऊन तो खरखरीत झाला होता. तंतू दिसले की बहुतेक जण आधी रिट्रॅक्शन, म्हणजे नोझल सरकताना धागा मागे ओढून घेणे, वाढवतात. मला मात्र अशा वेळी कानावर भरवसा ठेवणे बरे वाटते. नोझल २४० अंशांवर नेऊन, वर उचलून थोडे फिलामेंट हवेतच सोडले, तेव्हा बारीक तडतड ऐकू आली आणि बाहेर पडलेल्या धाग्यात बुडबुडे दिसले. प्लास्टिकमध्ये मुरलेल्या पाण्याची नोझलमध्ये वाफ होत होती. त्याच सेटिंगवर कोरडे रीळ लावले असता धागा गुळगुळीत आला, म्हणजे दोष सेटिंगचा नव्हता.

रीळ ६५ अंशांवर ड्रायरमध्ये ठेवले. किती तास वाळवायचे याचे तक्ते असतात, पण रीळ किती ओले आहे ते तक्त्याला ठाऊक नसते, म्हणून मी वजन करतो. सुरुवातीला रिळासकट १२३६ ग्रॅम भरले, चार तासांनी १२३४, सहा तासांनी १२३३ आणि आठ तासांनीही १२३३. वजन घटायचे थांबले, तिथे मी ड्रायर बंद केला. तीन ग्रॅम पाणी ऐकायला क्षुल्लक वाटते, पण तेवढ्यानेच प्रिंट बिघडतो. नायलॉन तर याच्या कितीतरी पट पाणी पिते.

आपल्याकडच्या पावसात एक अडचण असते, तिच्याविषयी कमी बोलले जाते. ड्रायर हवा तापवतो, तिच्यातले पाणी काढून टाकत नाही. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ६५ अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांच्या आसपास येते, ५० अंशांवर मात्र ती २६ टक्क्यांच्या खाली जात नाही. पीएलए हे दुसरे प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडून वेटोळी एकमेकांना चिकटतात, त्यामुळे त्याला ५० च्या वर नेता येत नाही, आणि म्हणूनच जुलैत ते वाळायला जास्त वेळ घेते. ड्रायरचे झाकणही किंचित किलकिले ठेवावे लागते, नाहीतर निघालेली वाफ आतच कोंडते. घरच्या ओव्हनचा काटा दहा-पंधरा अंश सहज चुकतो, त्यामुळे पीएलए मी त्यात कधीच ठेवत नाही.

वाळलेले रीळ उघड्यावर ठेवले तर इथल्या हवेत ते पुन्हा ओलावा धरू लागते, म्हणून ते रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवले आणि धागा डब्याच्या भोकातून थेट प्रिंटरला दिला. सिलिका जेल ओले रीळ वाळवेल अशी अपेक्षा ठेवू नये. सामान्य तापमानाला प्लास्टिकमधून पाणी फार सावकाश बाहेर येते, म्हणून जेलचे काम फक्त कोरडेपणा टिकवण्याचे. मापकाचा आकडा २० च्या वर सरकला की नारिंगी दाणे हिरवट झालेले असतात. ते ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. या कामाला ओव्हन चालतो, फक्त दाणे पसरट धातूच्या ताटात, पातळ थरात ठेवावेत.