लोड १८७, आणि सीपीयू रिकामा

३१ मार्चची रात्र. आमची कोल्हापुरातली छोटी कंपनी पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवते, त्यामुळे वर्षअखेरीला आमच्याकडे कुणी वेळेवर घरी जात नाही. सभासदांचे खातेउतारे पीडीएफमध्ये काढायचं काम एका सर्व्हरवर चालू होतं. दर मिनिटाला क्रॉन एक पायथन स्क्रिप्ट सुरू करतो, ती २०० सभासदांचा गठ्ठा उचलते, उतारे तयार करते आणि शेजारच्या खोलीतल्या स्टोरेज सर्व्हरवर ठेवते. हा स्टोरेज आमच्या मशीनवर एनएफएसने जोडलेला आहे. एका गठ्ठ्याला साधारण ३५ सेकंद लागतात, म्हणजे पुढचा गठ्ठा येईपर्यंत आधीचा संपलेला असतो.

रात्री १०:२० ला आमच्याकडे नवीनच लागलेला मुलगा धावत आला. "ताई, लोड १८६ झालाय. सर्व्हर मरतोय. साहेब म्हणतायत कोअर वाढवून घ्या."

मशीनला १६ कोअर आहेत. लोड म्हणजे ढोबळमानाने चालू असलेल्या आणि ताटकळणाऱ्या प्रोसेसची संख्या. तो १८६ असेल तर टर्मिनलवर अक्षरसुद्धा उमटायला वेळ लागायला हवा. मी लॉगिन केलं, तर सगळं लोण्यासारखं चाललेलं. `top` मध्ये सीपीयू ९३ टक्के रिकामा. `uptime` ने मात्र हे दाखवलं:

```
load average: 186.04, 182.11, 171.96
```

हे तीन आकडे मी जरा वेळ बघत बसले. ते एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीचे असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथे खरा आकडा १८७ धरला, तर पहिला त्याच्या एकाने मागे होता, दुसरा पाचाने आणि तिसरा पंधराने. एखादी गोष्ट बराच वेळ मिनिटाला एक या ठाम वेगाने वाढत असेल तरच असं होतं. आमच्याकडे मिनिटाला एक काय वाढतं? क्रॉनची स्क्रिप्ट. म्हणजे येणारी प्रत्येक स्क्रिप्ट अडकत होती आणि एकही परत जात नव्हती. १८७ मिनिटं मागे मोजली की ७:१३ येतात.

आधी क्रॉनमधली ती ओळ बंद केली, मग कुठल्या अवस्थेत किती प्रोसेस आहेत त्याची मोजदाद केली:

```
$ ps -eo stat= | cut -c1 | sort | uniq -c
    187 D
    142 I
      1 R
    431 S
```

तो पोरगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. त्याला म्हटलं, परीक्षेत काढलेली पाच गोलांची आकृती आठव: न्यू, रेडी, रनिंग, ब्लॉक्ड, टर्मिनेटेड. आता हे यादीत बसव. त्याने R वर बोट ठेवलं. "हा रनिंग. पण एकच?" तो एक म्हणजे `ps` स्वतः. शिवाय लिनक्समध्ये R हे अक्षर रनिंग आणि रेडी दोघांचंही असतं. कोअरवर बसलेला आणि कोअरची वाट बघणारा, दोघांना तेच. म्हणजे या क्षणी आमच्या १६ कोअरसाठी रांगेत अक्षरशः कुणीही उभं नव्हतं. कोअर वाढवले असते तर रिकाम्या खुर्च्यांत आणखी खुर्च्या पडल्या असत्या.

I म्हणजे कर्नलचे स्वतःचे रिकामे बसलेले थ्रेड, ते सोडून द्या. S आणि D हे दोन्ही ब्लॉक्ड. फरक इतकाच, की S मधल्या प्रोसेसला सिग्नलने उठवता येतं आणि D मधली बहुधा डिस्कच्या किंवा तसल्याच कामात अशा जागी थांबलेली असते, की कर्नल तिला मध्येच हात लावू देत नाही. आणि घोळ इथेच होतो. लिनक्सच्या लोडमध्ये R बरोबर D सुद्धा मोजतात. काही युनिक्समध्ये फक्त R धरत, लिनक्सने १९९३ मध्ये D ची भर घातली. म्हणून "लोड वाढला म्हणजे सीपीयू कमी पडतोय" हे वाक्य मी कुणाकडून ऐकलं की आधी `ps` बघते.

आता ब्लॉक्ड कशावर? रनिंगमधून ब्लॉक्डमध्ये प्रोसेस स्वतःच्या पायाने जाते. ती काहीतरी मागते, ते लगेच मिळत नाही, म्हणून कोअर सोडून बसते. कशापाशी बसली ते विचारता येतं:

```
$ ps -eo pid,stat,wchan:32,comm | awk '$2 ~ /^D/'
```

१८६ जणांसमोर `rpc_wait_bit_killable` लिहिलेलं होतं, म्हणजे एनएफएस सर्व्हरच्या उत्तराची वाट. सर्वांत जुनी, २१८७४ नंबरची प्रोसेस, तेवढी वेगळी होती. तिच्यापुढे `wait_on_page_bit`. `dmesg` मध्ये ७:१३ च्या सुमाराला ओळ होतीच: `nfs: server 10.20.0.15 not responding, still trying`.

मी शेजारच्या खोलीची किल्ली शोधायला उठले. तेवढ्या वेळात पोराने दोन गोष्टी केल्या. पहिली निरुपद्रवी होती. त्याने त्या फोल्डरवर `ls` मारलं, ते अडकलं, कंट्रोल-सी दाबल्यावर सुटलं. त्यातून त्याला धीर आला आणि त्याने सर्वांत जुन्या प्रोसेसवर `kill -9 21874` मारलं. काहीच झालं नाही. पुन्हा मारलं. मी परत आले तेव्हा पाचव्यांदा मारत होता. वेळ १०:३१.

"ताई, `ls` मेलं, हे का मरत नाही? नाइन तर सगळ्यांनाच ऐकावं लागतं ना?"

प्रश्न चांगला होता. पुस्तकातल्या काही आकृत्यांत ब्लॉक्डपासून थेट टर्मिनेटेडकडे एक बाण काढलेला असतो. कागदावर तो चालतो. लिनक्समध्ये प्रोसेसला बाहेरून कुणी मारत नाही, ती स्वतः मरते. सिग्नल म्हणजे तिच्या नावाने ठेवलेली चिठ्ठी. ती वाचून कर्नलमधला बाहेर पडण्याचा कोड तिलाच चालवायचा असतो, आणि कोड चालवायचा तर कोअरवर असावं लागतं. म्हणजे मरण्यासाठीसुद्धा ब्लॉक्डमधून रेडी, रेडीतून रनिंग, आणि मग टर्मिनेटेड, असाच रस्ता आहे. `kill -9` झोपलेल्याला उठवू शकलं तर हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं आणि आपल्याला थेट बाण असल्यासारखं वाटतं. `ls` ज्या झोपेत होतं ती अर्धवट झोप. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून एनएफएसच्या बऱ्याच वाटबघण्या अशा केल्या आहेत, की जीवघेणा सिग्नल आला तर तेवढ्यापुरतं उठायचं. `killable` हा शब्द नावातच आहे. २१८७४ मात्र त्या झोपेत नव्हती. तिच्या `/proc/21874/stack` मध्ये `wait_on_page_bit`, `nfs_wb_all`, `filp_close` दिसत होते. फाइल लिहून झाली होती, बंद करताना मेमरीतली पानं सर्व्हरवर पोचायची वाट बघत ती बसलेली. ही झोप कुठल्याच सिग्नलने मोडत नाही. `dmesg` मधली "blocked for more than 120 seconds" ही तक्रारसुद्धा फक्त तिच्याच नावाने होती, कारण ती तपासणी अर्धवट झोपेतल्यांना मोजत नाही.

चिठ्ठी पोचली होती की नाही, तेही दिसतं:

```
$ grep SigPnd /proc/21874/status
SigPnd: 0000000000000100
```

उजवीकडून नववा बिट, म्हणजे नऊ नंबरचा सिग्नल. पाच वेळा मारला तरी बिट एकच. मी त्याला बाकीच्या १८६ ना हात लावू दिला नाही. त्या मेल्या असत्या, पण प्रत्येकीच्या हातात २०० सभासदांचा उचललेला गठ्ठा होता. आमचा माउंट `hard` आहे, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत कर्नल विचारत राहतो. `soft` असता तर ठराविक प्रयत्नांनंतर स्क्रिप्टना एरर मिळाली असती आणि त्या केव्हाच आटोपल्या असत्या, कदाचित अर्धवट फाइली टाकून. इतकी जणं अडकली हा `hard` चाच परिणाम, आणि त्यांचं काम वाचलं तेही त्याच्याचमुळे. मला हा सौदा पटतो.

शेजारच्या खोलीत यूपीएसची बॅटरी बदलायला सात वाजता माणूस येऊन गेला होता. त्याने रॅक पुढे ओढताना स्टोरेजची नेटवर्क केबल पोर्टमधून अर्धी निघाली होती. क्लिप तुटलेली, त्यामुळे बघताना जागेवरच दिसत होती. नवी केबल लावली. १०:५२ ला `dmesg` मध्ये `nfs: server 10.20.0.15 OK`.

परत स्क्रीनवर आलो तर D शून्य आणि R १८७, त्यातला एक पुन्हा `ps`. पंखे घोंगावायला लागले, सीपीयू शंभर टक्के. घटना घडली की ब्लॉक्डमधली प्रोसेस थेट रनिंगला जात नाही, आधी रेडीच्या रांगेत येते, हे इतक्या ढळढळीतपणे मीसुद्धा क्वचितच पाहिलंय. १६ पाटांची पंगत आणि एकदम १८६ पाहुणे. त्यात ही पंगत अशी, की चार घास झाले की वाढप्या उठवतो आणि दुसऱ्याला बसवतो. रनिंगमधून रेडीकडे जाणारा टाइमआउटचा बाण तो हाच. एका प्रोसेसला असं किती वेळा उठवलं ते मोजणारा `nonvoluntary_ctxt_switches` हा आकडा तीन तास ३ वर होता. आता तो दर वेळी बघावा तर शेकड्याने पुढे गेलेला. लोड अजून १८० च्या वरच होता, पण आता तो खराखुरा सीपीयूचा होता.

पाच मिनिटं झाली तरी एकही संपेना. पोरगा पुन्हा घाबरा. मी कागदावर हिशोब मांडला: १८६ गुणिले ३५ सेकंद, भागिले १६, म्हणजे सुमारे ४०७ सेकंद, पावणेसात मिनिटं. सगळ्यांना सारखा वाटा मिळत असल्याने सगळ्यांचं काम जवळजवळ एकदमच संपणार. सहाव्या मिनिटानंतर आकडा घसरायला लागला, १७०, ९०, १२, आणि १०:५९ ला रांग मोकळी झाली. चहावाला केव्हाच बंद झालेला, म्हणून पोराने मशीनमधली कॉफी आणली. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

१८६ म्हणतेय, १८७ नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. २१८७४ ची चिठ्ठी तिच्या उशाशी होतीच. सर्व्हर आला, पानं पोचली, ती रेडी झाली, कोअर मिळाला, फाइल व्यवस्थित बंद झाली, आणि कर्नलमधून स्वतःच्या कोडकडे परतण्याच्या उंबऱ्यावर चिठ्ठी उघडली गेली. आमच्या लॉगमध्ये १०:५२ ला एक्झिट कोड १३७ आहे, म्हणजे १२८ अधिक ९. दहा एकतीसचा वार दहा बावन्नला लागला. टर्मिनेटेड झालेल्या प्रोसेसचं मागे एवढंच उरतं, पालक प्रोसेसने `wait` करून उचलून घेतलेला एक आकडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पतसंस्थेतून फोन आला, आमच्या काही सभासदांचे उतारे नाहीत म्हणून. २०० च्या त्या गठ्ठ्यातले १४२ तयार होते. १४३ वा पूर्ण लिहिलेला, पण शेवटचं नामांतर राहून गेल्याने `.tmp` च्याच नावाने पडलेला. पुढचे ५७ नव्हतेच. पोराने काही न बोलता तो गठ्ठा हाताने परत चालवला, आणि मी क्रॉनच्या त्या ओळीला `flock -n` लावलं, म्हणजे आधीची स्क्रिप्ट अडकलेली असेल तर नवी जन्मालाच येऊन बसणार नाही.