मंगळवारी ११ म्हणजे सकाळी साडेसात

"मंगळवार मोकळाच आहे की!" पोवई नाक्यावर चहा घेताना एका मित्रानं फोनमधलं कॅलेंडर दाखवलं. नोंद एकच होती: ११ ते १२, पुण्यात मीटिंग.

ते 'मोकळाच' दिवसभर डोक्यातून गेलं नाही. खंबाटकी घाटातली गर्दी धरली, तर साताऱ्याहून साडेसातला निघायला हवं आणि परतायला तीन वाजणार. शिवाय कोटेशन सोमवारीच तयार लागेल. ते काम कुठं होतं? वहीत, कामांच्या यादीत, तारखेशिवाय.

म्हणूनच शनिवारी अर्धा तास कॅलेंडर आणि यादी शेजारी ठेवून बसावं. आधी सरलेला आठवडा बघायचा, कारण उरलेली कामं तिथंच लपतात: कुणाला "पाठवतो" म्हटलं, ते गेलं का? मग पुढचे दोन आठवडे. एकच आठवडा पाहिला तर त्यापुढच्या सोमवारची तयारी आदल्या शनिवारीच कळते. प्रत्येक नोंदीला विचारायचं, आधी काय लागेल आणि जाण्यायेण्यात किती वेळ जाईल? तेवढा वेळ कॅलेंडरमध्ये लगेच अडवायचा. इथं सोमवारी ४ ते ५ कोटेशन आणि मंगळवार साडेसात ते तीन पूर्ण बंद.

शेवटी यादी. तीन आठवडे तसंच पुढं सरकणारं काम बहुधा मोठं असतं. 'छताची गळती' असं लिहिलेलं हलत नाही, 'गवंड्याला फोन' हलतं.

बहुतेकांचं बिनसतं ते आढावा घेतानाच कामं करायला लागल्यानं. एका मेलला उत्तर द्यायला गेलं की अर्धा तास संपतो आणि पुढचा आठवडा न बघताच राहतो.

तुमच्या कॅलेंडरात प्रवासाचा वेळ दिसतो का?